रात्री घसा कोरडा पडतो? ह्युमिडिफायरच्या दहा भन्नाट गोष्टी

मध्यरात्री जाग येते, जीभ टाळूला चिकटलेली असते, गिळताना घशात काटे टोचतात. मग कोणीतरी ह्युमिडिफायर सुचवतं. छोटंसं यंत्र, त्यातून निघणारे पांढरे तुषार आणि सकाळी मऊ घसा. हे खरंच घडतं, पण त्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: हवेत ओलावा किती सोडायचा आणि यंत्राच्या पोटात काय वाढू द्यायचं नाही. त्याच दोन प्रश्नांभोवतीच्या या दहा गोष्टी.

१. पहिला ह्युमिडिफायर तुमच्या चेहऱ्यावरच आहे

मोठं माणूस दिवसभरात दहा हजार लिटरहून जास्त हवा आत घेतं. ही हवा बाहेर कितीही कोरडी असली, तरी फुप्फुसांच्या आतल्या टोकाला पोचेपर्यंत ती ३७ अंशांपर्यंत तापलेली आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असावी लागते. यातलं बरंचसं काम नाक करतं. नाकाच्या आतली वळणं आणि तिथला ओला पडदा येणाऱ्या हवेला पाणी देतात आणि बाहेर जाणाऱ्या हवेतून त्यातलं थोडं परत मिळवतात.

नाक चोंदलं किंवा झोपेत तोंड उघडं पडलं, की हे काम घशावर येतं आणि घशाला ते झेपत नाही. त्यात झोपेत लाळ सुटणं जवळजवळ थांबतं. दिवसा घसा कोरडा वाटला तर आपण नकळत आवंढा गिळतो. झोपेत तेही फार कमी होतं. म्हणून तीच हवा दिवसा जाणवत नाही आणि रात्री बोचते.

२. हवा फक्त तापवली, तरी ती कोरडी होते

थंड हवेत बाष्प कमी मावतं, गरम हवेत जास्त. शून्य अंशाच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आसपास पाणी राहतं, तर २१ अंशांच्या हवेत अठरा ग्रॅमच्या वर. न्यू जर्सीतली जानेवारीतली रात्र घ्या. बाहेर शून्य अंश आणि ७० टक्के आर्द्रता, म्हणजे हवेत साधारण साडेतीन ग्रॅम पाणी. हीच हवा घरात आली आणि हीटरने २१ अंशांवर नेली, तर पाणी तेवढंच राहतं, पण हवेत बाष्प मावायची जागा वाढते. आर्द्रता थेट १८ टक्क्यांच्या आसपास येते. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांमध्ये डिसेंबर लागला की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं आणि घसा खरवडतो, ते यामुळेच.

आपल्याकडे एसीचा मार्ग वेगळा. एसीतल्या थंडगार नळ्यांवर खोलीतलं बाष्प दवासारखं जमतं आणि पाइपातून बाहेर ठिबकतं. गॅलरीत टपटपणारं ते पाणी म्हणजे तुमच्या खोलीच्या हवेतलंच पाणी.

३. हवेचा ओलावा केसाने मोजला जायचा

जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ साली केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाची माहिती प्रसिद्ध केली. माणसाचा स्वच्छ धुतलेला केस ओल्या हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. फरक दोन-अडीच टक्क्यांचाच असतो, पण तो काटा हलवायला पुरतो. पुढे कितीतरी काळ वेधशाळांमध्ये अशी केसांची यंत्रं वापरात होती.

आज बटणाच्या सेलवर चालणारा छोटा हायग्रोमीटर काही शे रुपयांत मिळतो. ह्युमिडिफायर घेण्याआधी तो घ्या. उशीच्या उंचीवर ठेवा. भिंतीला टेकवू नका आणि तुषारांच्या वाटेतही नको. रात्री झोपताना आणि पहाटे, असं तीन-चार दिवस वाचा. घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांमध्ये असावी, अशी शिफारस अमेरिकेची पर्यावरण संस्था करते. ६० च्या वर गेली की बुरशीला बरे दिवस येतात, आणि ५० च्या वर सतत राहिली तर गादीतले धुळीचे सूक्ष्म किडे वाढू लागतात. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल, तर जादा ओलावा त्रास वाढवतो.

मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात जुलैमध्ये हा काटा एसी लावूनही बऱ्याचदा ५० च्या पुढेच दिसेल. तिथे त्या दिवसांत ह्युमिडिफायर लावायचं कारणच नाही.

४. काटा ४५ दाखवतो आणि घसा तरी कोरडा?

मग दोष हवेचा नाही. घोरणं, चोंदलेलं नाक, नाकाचं वाकडं हाड, तोंड उघडं टाकून झोपायची सवय ही नेहमीची कारणं. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि काही मानसोपचाराची औषधं लाळ कमी करतात. पोटातलं आम्ल रात्री वर येत असेल तर सकाळी घसा कोरडा आणि आंबट लागतो. वाढलेल्या साखरेतही तोंड सुकतं आणि रात्री लघवीला उठावं लागतं.

यातल्या कशावरही हवेत पाणी सोडून उपाय होत नाही. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसभर पेंग येणं या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्यायला हवी. काटा ३० च्या खाली असेल आणि खोली बदलल्यावर किंवा गावाला गेल्यावर घसा सुधारत असेल, तेव्हाच ह्युमिडिफायर खरा कामाचा.

५. कोरड्या खोलीला लागतं जेमतेम अर्ध्या पेल्याएवढं पाणी

बारा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घेऊ. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. न्यू जर्सीच्या त्या रात्री आर्द्रता १८ टक्के होती आणि ती आपल्याला ४० वर न्यायची आहे. २१ अंशांना त्यासाठी दर घनमीटरला चार ग्रॅम पाणी वाढवावं लागेल. याला ३४ ने गुणलं तर उत्तर येतं १३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या पेल्याहून थोडं जास्त!

अर्थात, खोली बाटलीसारखी बंद नसते. दारं-खिडक्यांच्या फटींतून दर तासाला अर्ध्या खोलीची हवा बदलते असं धरलं, तर तासाला ६५ ते ७० ग्रॅम पाणी निसटतं. आठ तासांचा आणि सुरुवातीचा हिशोब मिळून साधारण पाऊण लिटरच्या आत काम भागतं. गादी आणि पडदे सुरुवातीला आणखी थोडं पाणी पितात, पण झोपलेला माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे थोडं परतही देत असतो.

बाजारातली बरीच यंत्रं पूर्ण वेगावर तासाला २५०-३०० मिलिलिटर पाणी उडवतात. ती रात्रभर तशीच चालवली तर दोन लिटरहून जास्त पाणी खोलीत जातं. ते जादा पाणी गार पृष्ठभागावर, म्हणजे खिडकीच्या काचेवर आणि बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. सकाळी काचेच्या आतल्या बाजूला पाणी ओघळताना दिसलं, तर वेग कमी करा. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर काटा ३०-३५ वरच ठेवलेला बरा. आपल्याकडे एसी चालू असताना यंत्र जोरात लावलं, तर तुम्ही सोडलेलं पाणी एसी पाइपातून गॅलरीत टाकत राहतो, आणि विजेचं बिल मात्र दोन्हीकडून येतं.

६. विदर्भातला कूलर हाही ह्युमिडिफायरच

नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खिडकीला लागणारा कूलर तेच करतो, फक्त मोठ्या प्रमाणावर. ओल्या वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्शाच्या ताट्यांतून हवा जाते, पाण्याची वाफ होते, हवा गार आणि ओली होते. पंखा, ओली वात आणि पाणी या तत्त्वावर चालणारे घरगुती ह्युमिडिफायर कूलरचीच छोटी भावंडं आहेत. त्यांचा एक मोठा गुण असा, की हवा ओली होत जाते तसतसं बाष्पीभवन आपोआप मंदावतं, त्यामुळे खोली चिंब होणं अवघड असतं. दुसरा गुण म्हणजे हवेत फक्त वाफ जाते, क्षार वातीवरच राहतात.

त्या वातीलाच मात्र जपावं लागतं. ती कडक झाली, पिवळट-तपकिरी पडली किंवा तिला कुबट वास आला की बदलायची, धुवून काम भागत नाही. आणि कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी घासून कोरडी करायची, कारण डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, कारण अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात.

७. पांढरा धूर म्हणजे वाफ नव्हेच

सध्या सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात तळाशी रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती असते. ती सेकंदाला दहा लाखांहून जास्त वेळा थरथरते आणि पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब उडवते. उकळणं नाही, म्हणून वीज कमी लागते आणि भाजण्याची भीती नाही.

पण थेंबाबरोबर पाण्यातलं सगळं उडतं. बोअरवेलच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असणं आपल्याकडे नवल नाही. अशा पाण्याचा एक लिटर रात्रीत उडवला, तर अर्धा ग्रॅम क्षार खोलीच्या हवेत गेले. थेंब सुकतात, क्षार उरतात. सकाळी काळ्या टेबलावर, टीव्हीच्या पडद्यावर बारीक पांढरी पूड दिसते ती हीच, आणि त्यातली काही तुम्ही श्वासावाटे घेतलेलीही असते. म्हणून या यंत्रात डिस्टिल्ड पाणी उत्तम. ते नसेल तर आरओचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा बरंच चांगलं. पाणी उकळून घेतल्याने जंतू मरतात, क्षार मात्र तसेच राहतात.

निलगिरीचं तेल, कापूर किंवा अत्तर टाकीत घालू नका. तेलाने प्लास्टिकला तडे जातात, चकती खराब होते, आणि लहान मुलांच्या श्वासनलिकेला कापरासारखे वास घातक ठरू शकतात.

८. भाजीवरच्या तुषारांनी गाव आजारी पडलं

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात बोगालुसा नावाचं गाव आहे. १९८९ च्या शरद ऋतूत तिथे एकापाठोपाठ एक माणसं न्यूमोनियाने आजारी पडली. आजार होता लिजिओनेअर्स, साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या लिजिओनेला जिवाणूमुळे होणारा. तपास करणारे एका किराणा दुकानापर्यंत पोचले. तिथे भाजी ताजी दिसावी म्हणून तिच्यावर अल्ट्रासॉनिक यंत्राने तुषार सोडले जात होते, आणि जिवाणू त्या यंत्राच्या पाण्यात होते. लोक वांगी-कोबी निवडायला वाकले आणि ते तुषार त्यांच्या श्वासात गेले.

हा जिवाणू पोटात गेलेल्या पाण्यातून सहसा त्रास देत नाही. त्याला फुप्फुसात पोचायला वाहन लागतं आणि बारीक तुषार हे नेमकं तेच वाहन. २० ते ४५ अंशांचं कोमट साचलेलं पाणी त्याला मानवतं, म्हणजे आपल्या घरातलं कुठलंही उभं पाणी.

९. जंतुनाशक घातलं आणि अनर्थ झाला

दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं विकली जात होती. टाकी धुवायचा त्रास वाचावा, बाळाची खोली निर्जंतुक राहावी म्हणून आया ती विश्वासाने घालत. २०११ मध्ये सोलच्या एका रुग्णालयात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया फुप्फुसांच्या विचित्र, वेगाने वाढणाऱ्या आजाराने येऊ लागल्या. शोध घेतल्यावर बोट या जंतुनाशकांकडे वळलं. त्याच वर्षी ती बाजारातून काढली गेली. सरकारने मान्य केलेल्या पीडितांची संख्या पुढे पाच हजारांच्या वर गेली, आणि मृतांमध्ये कितीतरी लहान मुलं होती.

पीएचएमजी नावाचं त्यातलं मुख्य रसायन कातडीला लागलं तर फारसं अपाय करत नाही. तेच तुषारांतून फुप्फुसांत गेलं तेव्हा तिथल्या पेशी होरपळल्या. एकच नियम यातून कायमचा लक्षात ठेवायचा: चालू यंत्राच्या पाण्यात पाण्याशिवाय काहीही नको. डेटॉल नको, ब्लीच नको, व्हिनेगर नको, 'नैसर्गिक' लिहिलेलं काहीही नको. जंतुनाशक वापरायचं ते यंत्र बंद असताना, आणि पूर्ण धुवून टाकायचं.

१०. टाकी कोणत्या रंगाची झाली त्यावरून ओळखा

टाकीच्या आत बोट फिरवून बघा. कडक, खरखरीत, पांढरा थर असेल तर तो क्षार. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, बारीक बुडबुडे येतील. बोट बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंचा थर, दिसत नसला तरी. पाण्याच्या रेषेवर गुलाबी कडा दिसली तर बहुधा सेराशिया हा जिवाणू, तोच बाथरूमच्या कोपऱ्यातही रंगतो. काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास म्हणजे बुरशी. क्षाराचा थर नुसता दिसायला वाईट नाही, त्याच्या खरखरीत फटींमध्ये जिवाणू लपतात. म्हणून साफसफाईत आधी क्षार, मग जंतू, हाच क्रम.

रोज सकाळी: प्लग काढा, उरलेलं पाणी फेका, टाकी आणि खालचा तळ खळबळून घ्या, कोरड्या फडक्याने पुसा आणि झाकण उघडं ठेवून वाळू द्या. रात्री नवं पाणी. कालच्या पाण्यावर आजचं पाणी ओतायचं नाही.

दर तिसऱ्या दिवशी: साधं पांढरं व्हिनेगर तळात चकती बुडेल एवढं घाला, टाकीतही थोडं फिरवा आणि अर्धा तास ठेवा. व्हिनेगर नसेल तर किराणा दुकानातलं लिंबूफूल, एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा. मऊ टूथब्रशने घासा. चकतीला सुरी, तारेची घासणी लावू नका, चरा पडला की तिचे तुषार थांबतात. तळ नळाखाली धरू नका, त्यात मोटर आणि सर्किट असतं.

स्वच्छ धुतल्यावर जंतुनाशक. तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड चांगलं काम करतं. आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर बहुतेकदा सहा टक्के लिहिलेलं असतं. तसं असेल तर तेवढंच पाणी मिसळा. हातमोजे घाला, दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत तीन-चार पाण्यांनी धुवा. यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात वेगळी रीत दिली असेल तर ती पाळा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र आणू नका, त्यातून क्लोरिन वायू सुटतो. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडसुद्धा एकाच वेळी नको, मधे पाण्याने धुणं आलंच.

यंत्र जमिनीवर, गालिच्यावर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका. दोन-तीन फूट उंच टेबलावर, पलंगापासून हातभर लांब, आणि तुषारांचं तोंड मोकळ्या खोलीकडे. आजूबाजूचं लाकूड किंवा कापड सकाळी दमट लागलं, तर वेग जास्त आहे. ओली झालेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळली, तर तिच्यावर बुरशी सहसा धरत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा कपाट पुढे ओढून मागची भिंत आणि गादीची खालची बाजू पाहायची, ओल दिसली की त्याच दिवशी ऊन-वारा द्यायचा.

यंत्र लावल्यानंतर खोकला, अंगात कसर, छातीत जडपणा येऊ लागला आणि दोन-तीन दिवस यंत्र बंद ठेवल्यावर हा त्रास ओसरला, तर संशय यंत्रावर धरा आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. मळक्या ह्युमिडिफायरमुळे होणारा ताप वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे, पण यंत्राचा उल्लेख केला नाही तर तो साध्या फ्लूसारखाच दिसतो. हंगाम संपला की वात किंवा फिल्टर टाकून द्या, शेवटची पूर्ण साफसफाई करा, सगळे भाग सुटे करून दिवसभर वाळवा आणि मगच खोक्यात भरा. पुढच्या वर्षी खोकं उघडल्यावर पहिलं काम पुन्हा तेच: धुणं.